केसच्या शेवटचा प्रश्न : ‘काय घडले’ ते ‘काय सोडाल’

कोल्हापुरातल्या व्यवस्थापनाच्या वर्गात केस स्टडीचे पेपर तपासताना एक अनुभव हमखास येतो. चार पाने भरलेली असतात, अक्षरही नेटके असते, पण उत्तरात केसमधलीच हकिगत पुन्हा सांगितलेली असते. ‘मालकापुढे अनेक अडचणी होत्या, त्याने धीर सोडला नाही’ अशा वळणाने गोष्ट संपते आणि तीस टक्के गुण देऊन आपण पुढची पुरवणी उघडतो. याचा दोष विद्यार्थ्याला देणे सोपे आहे, परंतु बहुतेक वेळा दोष प्रश्नाचा असतो, आणि त्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

केसवरून शिकवण्याची पद्धत व्यवस्थापनाने कायद्याकडून घेतली. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात ख्रिस्तोफर लँगडेल 1870 मध्ये अधिष्ठाता झाले आणि पाठ्यपुस्तकातले नियम घोकण्याऐवजी प्रत्यक्ष खटल्यांच्या निकालांवरून नियम शोधण्याची रीत त्यांनी रूढ केली. त्याच विद्यापीठात 1908 मध्ये व्यवसाय व्यवस्थापनाची शाळा निघाली. 1919 मध्ये तिचे अधिष्ठाता झालेले वॉलेस डोनम स्वतः कायदा शिकलेले होते, त्यामुळे त्यांनी ही रीत तिथे जोमाने पुढे नेली. मात्र दोन्हींत एक मूलभूत फरक होता. खटल्याच्या केसमध्ये न्यायाधीशाचा निकाल लिहिलेला असतो, म्हणून तिथे ‘निकाल असा का लागला’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कारखान्याच्या केसमध्ये निकाल देणारा कोणी नसतो, त्यामुळे केस कुठे थांबवायची आणि तिथे विद्यार्थ्याला काय विचारायचे, हे शिक्षकालाच ठरवावे लागते. 1921 साली तिथे लिहिलेली पहिली केस एका बूट कारखान्यावर होती आणि ती जेमतेम एक पानाची होती. कामगार सुटीच्या वेळेच्या बरेच आधी हात थांबवतात, तर व्यवस्थापनाने कशाची चौकशी करावी आणि कोणत्या धोरणाने ही स्थिती सुधारावी, अशी तिची मांडणी होती. पुढे काय झाले हे केस सांगत नाही. माझ्या मते त्या एका पानाचे बळ नेमके या न सांगण्यात आहे.

भारतात ही पद्धत 1961 मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेमार्फत रुजली. पुढे विद्यापीठांच्या लेखी परीक्षांत केस आली तेव्हा मात्र अडचण झाली. शेकडो उत्तरपत्रिका, वेगवेगळे परीक्षक आणि सर्वांना एकसारखे गुण देण्याची गरज असल्यामुळे प्रश्न सुरक्षित झाले : ‘केसमधील समस्या सांगा’, ‘बलस्थाने व उणिवा लिहा’. त्यातच केसच्या शेवटी कंपनी यशस्वी झाल्याचे छापलेले असते. निकाल आधी कळला की तो अटळच होता असे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवले. मग विद्यार्थ्याने पर्याय तोलायचे कशासाठी? शेवट छापलेली केस आणि ‘समस्या सांगा’ हा प्रश्न एकत्र आले की हकिगतच लिहिली जाणार.

प्रश्नामुळे काय फरक पडतो ते वर्गासाठी रचलेल्या एका केसवरून पाहू. तिच्यातले आकडे कल्पित आहेत. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळात रोज 4 टन ऊस गाळून 440 किलो गूळ निघतो. हायड्रॉस पावडर घालून पिवळा केलेला गूळ मार्केट यार्डच्या सौद्यात 42 रुपये किलोने जातो आणि पैसे लगेच मिळतात. उसाचे व इतर खर्चाचे 16,800 रुपये वजा जाता दिवसाला 1,680 रुपये उरतात. पुण्याचा एक खरेदीदार भेंडीच्या रसाने साफ केलेला, बिनरसायनाचा, एकेक किलोच्या वड्यांचा गूळ 54 रुपयांनी घ्यायला तयार आहे, पण तो दहा टक्के माल नाकारतो आणि पैसे साठ दिवसांनी देतो. नाकारलेला काळसर गूळ यार्डात 34 रुपयांनी जातो आणि वड्यांच्या मजुरीला रोज 1,500 रुपये जास्त लागतात. तरीही या वाटेने दिवसाला 4,580 रुपये उरतात. मालकाकडे खेळते भांडवल सहा लाख आहे.

यावर ‘मालकाने कोणता पर्याय निवडावा’ असे विचारले तर वर्ग एका सुरात पुणे म्हणतो आणि विषय संपतो. प्रश्न असा करून पाहा : ‘एकूण मालाचा किती हिस्सा पुण्याला द्याल, आणि तेवढा देताना काय सोडाल?’ आता वही उघडावीच लागते. सगळा माल पुण्याला दिला तर पहिले पैसे हातात येईपर्यंत सुमारे दहा लाख रुपये अडकतात, म्हणजे ते जमणारच नाही. निम्मा दिला तर साडेचार लाख अडकतात आणि दीड लाखाच्या आसपास हाताशी राहते. सहा दशांशांपेक्षा थोडे पुढे गेले की भांडवल संपते, आणि उसाचे पैसे थकले तर शेतकरी पुढचा ऊस साखर कारखान्याकडे वळवतो. शिवाय यार्डातला माल निम्म्यावर आला की अडत्या उचल देईल का, हा प्रश्न उरतोच; तो आकड्यांत बसत नाही, पण गुळाच्या धंद्यातल्या घरातला विद्यार्थी तो सर्वांत आधी काढतो.

दुसरा प्रश्न त्याहून उपयोगी आहे : ‘कोणती गोष्ट बदलली तर तुम्ही निर्णय फिरवाल?’ बहुतेक जण नाकारलेल्या मालाची धास्ती घेतात. हिशेब केला तर कळते की नापसंतीचे प्रमाण त्रेचाळीस टक्क्यांपर्यंत गेले तरी पुणे सौद्यापेक्षा तोट्याचे ठरत नाही. खरी अडचण साठ दिवसांची आहे. खरेदीदाराने तीस दिवसांत पैसे दिले तर सगळा माल पुण्याला देऊनही साधारण पाच लाखच अडकतात. मग किलोमागे किती भाव सोडून ते तीस दिवस मिळवावेत? निम्मा-निम्मा माल देण्याच्या योजनेत दिवसाला 3,130 रुपये उरतात, आणि तीस दिवसांच्या अटीवर सगळा माल पुण्याला देऊन तेवढेच हवे असतील तर भाव 50 रुपये 34 पैशांपर्यंत उतरू देता येतो. म्हणजे साडेतीन रुपयांच्या आतबाहेर मालकाला बोलणी करता येतात. अर्थात, अडत्याशी संबंध पूर्ण तोडण्याची किंमत यात धरलेली नाही, आणि उत्तरात ती कोणी धरली तर मी गुण वाढवतो.

एका गोष्टीची किंमत दुसऱ्या गोष्टीत मोजण्याची ही रीत व्यवस्थापन शाळांहून जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली यांना पत्राने कळवले होते की कागदावर अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन रकाने करावेत, कारणे लिहून काढावीत आणि दोन्हींकडची समान वजनाची कारणे खोडत जावे. ‘फायदे-तोटे लिहा’ हा प्रश्न या पद्धतीसारखा दिसतो, पण त्यातून खोडणे हे मुख्य काम गळून पडले आहे. त्यामुळे पाच फायदे आणि पाच तोटे समोरासमोर उभे राहतात आणि कोणता कशाला उतरतो हे कोणी सांगत नाही.

परीक्षकाची जुनी अडचण मात्र तशीच राहते, कारण वेगळे हिस्से सुचवणारी दोन उत्तरे तितकीच योग्य असू शकतात. मी गुणांची वाटणी प्रश्नाखालीच छापतो : मर्यादा ओळखून तिचा हिशेब मांडण्याला चार, काय सोडले ते रकमेत किंवा दिवसांत सांगण्याला चार, निर्णय फिरवणाऱ्या आकड्याला दोन, आणि केसमधली हकिगत पुन्हा लिहिण्याला शून्य. पहिल्या वर्षी ही ओळ वाचून एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग सुरुवात कशाने करायची?’ मी तिला सहा लाखांपासून सुरू करायला सांगितले.