प्राध्यापकांचा परिचय: अध्यापन, संशोधन आणि प्रशासन दोनशे शब्दांत

महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांसाठी आणि विभागांच्या फलकांसाठी आम्ही प्राध्यापकांचे परिचय तयार करून देतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली महाविद्यालये आमची ग्राहक आहेत. मजकूर पाठवण्याआधी हे पत्रक वाचलेत, तर प्रूफची निदान एक फेरी वाचेल.

आमच्याकडे येणारा मजकूर

बहुतेक परिचय कॅसच्या प्रस्तावातून किंवा नॅकच्या फाइलमधून उचललेले असतात. त्या कागदांचे काम मोजण्याचे आहे: किती निबंध, किती परिषदा, किती समित्या. परिचय वाचणारा काही मोजत नसतो. विद्यार्थ्याला विचारायचे असते की या मॅडम मला काय शिकवणार, पीएच.डी.साठी त्यांच्याकडे जागा आहे का आणि त्या भेटतात कधी. दुसऱ्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला कळून घ्यायचे असते की या नेमक्या कोणत्या प्रश्नावर, कोणत्या पद्धतीने काम करतात. बहिःस्थ परीक्षक म्हणून किंवा व्याख्यानाला बोलावावे का. फाइलमधल्या मजकुरात यातले एकही उत्तर सापडत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक सहयोगी प्राध्यापिका घेऊ. त्यांचा मूळ मजकूर असा:

«एम.एस्सी., सेट, पीएच.डी. २२ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव. ४२ शोधनिबंध, ६३ परिषदांत सहभाग. पीएच.डी. मार्गदर्शक. आयक्यूएसी समन्वयक, रासेयो कार्यक्रम अधिकारी, अभ्यास मंडळ सदस्य, तसेच परीक्षा, शिस्त, प्रवेश, क्रीडा व वार्षिक अंक समिती सदस्य. विद्यार्थिप्रिय व मनमिळाऊ.»

यात खोटे काही नाही. पण त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात हेसुद्धा यावरून कळत नाही. निम्मी जागा समित्यांनी खाल्ली आहे, आणि त्यांतली कोणती आज चालू व कोणती सहा वर्षांपूर्वी संपली, याचा पत्ता नाही. शेवटची दोन विशेषणे तर स्वतःविषयी कोणी लिहूच नयेत. आम्ही ती न विचारता काढतो.

त्याच माहितीला थोडी विचारपूस जोडली की परिचय असा होतो:

«वनस्पतिशास्त्र विभागात सहयोगी प्राध्यापक. केळीवरील विषाणुजन्य रोग हा अभ्यासाचा विषय.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला वनस्पतिरोगशास्त्र आणि एम.एस्सी.ला विषाणुशास्त्र शिकवतात. रोगट पानांचे नमुने गोळा करणे, ते जतन करणे आणि त्यांतून आरएनए वेगळा करणे ही प्रात्यक्षिके त्या स्वतः घेतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विषयातील मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक. तीन विद्यार्थ्यांना पदवी मिळाली असून चार जणांचे काम चालू आहे. जून २०२५ अखेर दोन जागा रिकाम्या.

रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या केळीबागांत कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे शेतकऱ्यांचा हरण्या रोग, मावा किडीमार्फत कसा पसरतो आणि बागेत काकडीवर्गीय आंतरपीक असल्यास प्रादुर्भावात काय फरक पडतो, हा त्यांचा मुख्य प्रश्न. निदानासाठी आरटी-पीसीआर पद्धत वापरतात. निवडक तीन निबंध खाली दिले आहेत.

२०२३ पासून महाविद्यालयाच्या आयक्यूएसीच्या समन्वयक. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र अभ्यास मंडळावर सदस्य, २०२४ ते २०२७. २०१७ ते २०२० राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी.

भेटीची वेळ: मंगळवार व गुरुवार, दुपारी ३ ते ४:३०, वनस्पतिशास्त्र विभाग.»

तीन कामांना जागा किती

समतोल म्हणजे तीन सारखे भाग नव्हेत. दोनशे शब्दांच्या परिचयात अध्यापन आणि संशोधन मिळून साधारण दीडशे शब्द घेतात. प्रशासनाला तीस-पस्तीस पुरतात, उरलेले पहिल्या वाक्याला आणि भेटीच्या वेळेला. प्राचार्य, अधिष्ठाता यांच्या परिचयात हा क्रम उलटतो, कारण त्यांच्याकडे येणारा माणूस बहुधा प्रशासकीय कामासाठीच येतो. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांच्या परिचयात प्रशासनाचा परिच्छेद नसला तरी चालतो. तो ओढूनताणून भरला की लगेच दिसतो.

अध्यापन

«२२ वर्षांचा अनुभव» एवढ्याने विद्यार्थ्याचे काही अडत नाही आणि भागतही नाही. विषयाचे नाव वेळापत्रकात जसे छापले असेल तसेच द्या. पेपरचे सांकेतिक क्रमांक मात्र देऊ नका. नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून ते वर्षागणिक बदलत आहेत आणि छापील पुस्तिकेत ते सहा महिन्यांत शिळे होतात. सगळे पेपर लिहिण्यापेक्षा दोन लिहा आणि त्यांपैकी एकात तुम्ही विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्षात काय करून घेता ते सांगा. नमुन्यातले आरएनए वेगळा करण्याचे वाक्य वाचून एम.एस्सी.ला येणारी मुलगी ठरवू शकते की हे आपल्याला जमेल का.

मार्गदर्शक असाल, तर नुसते «पीएच.डी. मार्गदर्शक» लिहिल्याने तुम्हालाच फोनवर तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावे लागते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी सहायक प्राध्यापकाकडे ४, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि प्राध्यापकाकडे ८ विद्यार्थी असू शकतात. नमुन्यातल्या मॅडमकडे सहापैकी चार भरल्या, म्हणून दोन रिकाम्या. हा आकडा तारखेसकटच छापा; तारीख नसेल तर तो आकडा गाळलेला बरा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील, तर त्याच नियमांनुसार नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा जागांचा उल्लेखच नको, नाहीतर कोणीतरी नंदुरबारहून हेलपाटा घालतो.

संशोधन आणि नावांचा घोळ

संशोधनाच्या परिच्छेदात एक प्रश्न, एक पद्धत आणि तीन निबंध एवढेच हवे. प्रश्न असा लिहा की दुसऱ्या विषयाचा माणूसही वाचून पुढे जाईल. «वनस्पतिरोगशास्त्रातील विविध पैलू» हे वाक्य कोणाच्याही नावाखाली चालेल, म्हणून ते कोणाच्याच कामाचे नाही. आम्ही मजकूर पाठवणाऱ्यांना नेहमी विचारतो की नमुने कुठून घेता. गावांची, तालुक्यांची नावे आली की विषय आपोआप नेमका होतो.

एकूण निबंधांच्या आकड्यावरून सर्वांत जास्त गोंधळ होतो. परिचयात ४२, विद्वानवर ३१ आणि गूगल स्कॉलरवर ५८ असे तीन आकडे दिसले की वाचणाऱ्याला शंका येते, आणि नॅकच्या पडताळणीत प्रश्न विचारला जातो. बहुतेकदा कारण साधे असते. ४२ मध्ये परिषदांच्या कार्यवृत्तांतले लेख आणि पुस्तकांतली प्रकरणे धरलेली असतात. इन्फ्लिबनेटच्या विद्वान माहितीकोशात तुम्ही स्वतः भरलेलेच येते, आणि ते भरायचे राहून गेलेले असते. स्कॉलरवर आपोआप जोडणीची सोय चालू असली, तर सारख्या नावाच्या माणसाचे निबंध तुमच्या खात्यात येऊन बसतात. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन आणि पवार इतके आहेत की आद्याक्षरे जुळायला वेळ लागत नाही. खानदेशातल्या केळीवर काम करणाऱ्यांच्या यादीत हृदयरोगावरचा निबंध दिसला, तर समजावे की हेच झाले आहे.

यावर दोन उपाय आहेत. स्कॉलरच्या खात्यात आपोआप जोडणी बंद करून नवा निबंध आधी तुम्हाला विचारला जाईल असा पर्याय निवडा आणि परके निबंध काढून टाका. दुसरे म्हणजे ऑर्किड क्रमांक घ्या. तो १६ अंकांचा, मोफत आणि आयुष्यभर एकच असतो. शेवटी कधीकधी अंकाऐवजी X येतो, ती चूक नव्हे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांना याचा खास उपयोग आहे. जुन्या आणि नव्या नावाचे निबंध एकाच क्रमांकाखाली येतात, आणि खात्यात «इतर नावे» या रकान्यात जुने नाव टाकता येते. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. त्या सगळ्या तऱ्हाही तिथेच नोंदवा, आणि यापुढच्या निबंधांत एकच धरा.

निबंधापुढे «यूजीसी-केअर सूचीतील» असे लिहिलेले असेल, तर वर्ष जरूर द्या. ती सूची यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे वर्षाशिवायचा उल्लेख आता संदिग्ध वाटतो. पदवीच्या विद्यापीठाचे नाव प्रमाणपत्रावर आहे तसेच लिहा. आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार २०१८ चा. त्याआधीच्या प्रमाणपत्रावर «उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ» एवढेच असते, आणि १९९० मध्ये ते सुरू होण्याआधी शिकलेल्यांच्या कागदांवर पुणे विद्यापीठ.

प्रशासन

येथे काटछाट करताना प्राध्यापकांना वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. या कामात संध्याकाळ-संध्याकाळ जाते. तरी कसोटी एकच ठेवा: या पदामुळे वाचणारा तुमच्याकडे येईल का? आयक्यूएसीसाठी दुसऱ्या महाविद्यालयातले येतील, रासेयोसाठी विद्यार्थी येतील. क्रीडा समितीच्या सदस्यत्वासाठी सहसा कोणी येत नाही. चालू पदे दोन आणि माजी एक, एवढे पुरे. बाकीची यादी कॅसच्या फाइलमध्येच शोभते.

प्रत्येक पदापुढे कालावधी हवा. अभ्यास मंडळ लिहिताना ते विद्यापीठाचे की स्वायत्त महाविद्यालयाचे, हे स्पष्ट करा. दोन्हींना एकच नाव असल्याने इथे गैरसमज होतो, आणि विद्यापीठाचे पद नसताना तसे भासले तर ते अंगाशी येते. «समन्वयक» आणि «सदस्य» यांचीही अदलाबदल नको.

प्रशासनाच्या कामामुळे तुम्ही विभागात कमी वेळ सापडत असाल, तर भेटीची वेळ ही परिचयातली सर्वांत उपयोगी ओळ ठरते. जी वेळ खरोखर पाळता येईल तीच द्या. घरचा पत्ता, जन्मतारीख आणि खासगी मोबाइल क्रमांक आम्ही छापत नाही. महाविद्यालयाचा ईमेल पुरतो.

आम्हाला काय पाठवावे

शिकवत असलेल्या दोन विषयांची नावे, संशोधनाचा प्रश्न तुमच्या शब्दांत तीन-चार ओळींत, तीन निबंधांचे डीओआय, ऑर्किड क्रमांक, पदे कालावधीसह आणि नियुक्तिपत्राची प्रत. नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत, निबंधांवर असते तसे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडताना जोडाक्षरे फुटतात आणि आडनावेच चुकतात. प्रूफवर सही करताना कालावधी आणि रिकाम्या जागा हे दोनच आकडे पुन्हा तपासा. पुस्तिका जूनमध्ये निघणार असेल, तर मजकूर एप्रिलच्या अखेरीपर्यंत आमच्याकडे हवा, कारण मेमध्ये निम्मा विभाग परीक्षेच्या पेपर तपासणीत आणि उरलेला लग्नांत असतो.