शोगी संच: मारलेली सोंगटी पुन्हा पटावर उतरवणे आणि बढती (बुद्धिबळ खेळणाऱ्या ग्राहकांसाठी)

संच उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या सोंगट्या एकाच रंगाच्या दिसतात आणि त्यामुळे चुकीचा माल आला की काय, अशी शंका काही ग्राहक विचारतात. माल बरोबरच आहे. शोगी या जपानी बुद्धिबळात सोंगटी कोणाची हे तिच्या रंगावरून नव्हे, तर तिचे निमुळते टोक कोणाकडे आहे यावरून ठरते. कारण आपण मारलेली सोंगटी पटाबाहेर कायमची जात नाही, तर ती आपली होते आणि पुढे आपल्याच बाजूने खेळते.

मारलेली सोंगटी आपल्या उजव्या हाताशी, प्रतिस्पर्ध्याला दिसेल अशी ठेवावी. आपली पाळी आली की पटावरील सोंगटी चालवावी किंवा हातातील एक सोंगटी कोणत्याही रिकाम्या घरात उतरवावी. उतरवणे हीच त्या पाळीची संपूर्ण चाल असते. उतरवताना सोंगटी मारता येत नाही, मात्र शह देता येतो आणि, प्याद्याचा एक अपवाद सोडला तर, मातही करता येते. बुद्धिबळात हत्तीला हत्ती मारला की पट मोकळा होतो आणि खेळ निवळतो. येथे त्याच अदलाबदलीनंतर दोघांच्याही हातात एकेक हत्ती येतो आणि तो पुढच्याच चालीला राजाच्या मागे उतरू शकतो. म्हणून अदलाबदल करण्यापूर्वी आपल्या गोटात रिकामी, निराधार घरे किती आहेत ते पाहावे.

बढतीचा नियमही बुद्धिबळाहून सैल आहे. नऊ आडव्या रांगांपैकी प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या तीन रांगा हा बढतीचा प्रदेश होय. सोंगटीची चाल या प्रदेशात सुरू झाली किंवा संपली, तर चाल पूर्ण होताच ती उलटून लाल अक्षराची बाजू वर करता येते; म्हणजे प्रदेशातून बाहेर पडतानाही बढती घेता येते. प्यादे, भाला, घोडा आणि चांदी यांना बढतीनंतर ‘सोने’ या सोंगटीची चाल मिळते; ती चाल पुढे उदाहरणात दिली आहे. हत्ती व उंट आपली मूळ चाल राखून, ज्या दिशांना त्यांना जाता येत नव्हते तिकडे एकेक घर सरकू लागतात. राजा आणि सोने यांना बढती नाही, म्हणून त्यांची मागची बाजू कोरी असते.

बढती घेणे बहुधा ऐच्छिक आहे. चांदीच्या बाबतीत ती नाकारणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण चांदीला तिरके मागे येता येते आणि सोन्याला येत नाही. मात्र ज्या घरातून सोंगटीला पुढे चालच उरणार नाही, तेथे बढती सक्तीची आहे: प्यादे व भाल्यासाठी शेवटच्या रांगेत, घोड्यासाठी शेवटच्या दोन रांगांत. याच कारणाने त्या घरांत या सोंगट्या उतरवताही येत नाहीत, कारण उतरवलेली सोंगटी नेहमी मूळ रूपातच येते. बढतीच्या प्रदेशात उतरवली तरी तिला बढतीसाठी आणखी एक चाल लागते. बढती मिळालेली सोंगटी मारली गेली की तीही मूळ रूपात परतते. त्यामुळे बढतीचे प्यादे, ज्याला जपानीत ‘तोकिन’ म्हणतात, पटावर सोन्याइतके काम करते, पण ते मारणाऱ्याच्या हाती केवळ प्यादे लागते. असे प्यादे देऊन सोने घेणे हा फायद्याचाच व्यवहार आहे.

एक उदाहरण पटावर मांडून पाहावे. प्रतिस्पर्ध्याचा राजा त्याच्या मागच्या रांगेत मध्यभागी आहे, त्याच्यासमोर एक घर रिकामे आहे आणि त्यापुढील घरात आपले साधे प्यादे उभे आहे. आपल्या हातात सोने असल्यास ते त्या रिकाम्या घरात उतरवावे. सोने पुढे, पुढच्या दोन्ही तिरक्या घरांत, डावी-उजवीकडे आणि सरळ मागे चालते. म्हणून राजाला बाजूची वा पुढची तिरकी घरे मिळत नाहीत, आणि मागून प्याद्याचा जोर असल्याने त्याला सोने मारताही येत नाही. प्रतिस्पर्ध्याची दुसरी कोणतीही सोंगटी ते सोने मारू शकत नसेल, तर ही मात झाली. त्याच घरात चांदी उतरवली, तर तिला आडवे चालता येत नसल्याने राजा पुढच्या तिरक्या घरांतून निसटतो. मातेसाठी सोने हातात राखून ठेवावे, असे जपानी खेळाडू सांगतात ते यामुळेच.

आता तेथे प्यादे उतरवले तर? ते नियमबाह्य होय, कारण एकाच उभ्या पट्टीत आपली बढती न झालेली दोन प्यादी चालत नाहीत. या चुकीला ‘निफु’ म्हणतात आणि ती करणारा तत्काळ डाव हरतो. 2015 साली जपानच्या दूरचित्रवाणीवरील एनएचके चषकाच्या उपांत्य फेरीत एका व्यावसायिक खेळाडूने अशाच चुकीने डाव गमावला. तोकिन या मोजणीत धरत नाहीत. वर उल्लेखिलेला अपवाद असा की, प्यादे उतरवून थेट मात करता येत नाही. उतरवलेल्या प्याद्याने नुसता शह देणे चालते आणि आधीपासून पटावर असलेले प्यादे पुढे सरकवून मात करणेही चालते.