रेडिएशनमधली आंघोळ: एका मनाईचा मागोवा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, रेडिएशनची तारीख ठरली, की पुण्यातल्या अनेक बायकांच्या कानावर एक वाक्य पडतं: ‘त्या भागाला पाणी लागू देऊ नका.’ कधी ते तंत्रज्ञ सांगतात, कधी बाहेर बाकावर बसलेली आधीची पेशंट. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना काखेत आणि स्तनाखालच्या घडीत तीन-तीन आठवडे पाणी न लावणं म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलं त्यांनाच विचारावं. ही मनाई आली कुठून आणि अजून टिकून का आहे?

क्ष-किरणांचा शोध १८९५चा. पुढच्या वर्षभरातच ते गाठींवर वापरून पाहिले जाऊ लागले. त्या काळचे किरण कमी ताकदीचे, त्यामुळे सर्वात जास्त मात्रा कातडीवरच पडायची. मात्रा मोजायला १९२८पर्यंत सर्वमान्य एककही नव्हतं. कातडी किती लाल झाली, हेच माप. अशा सोललेल्या कातडीला कोणी साबण लावू दिला नाही, तर त्यात नवल नाही. १९५१ साली कोबाल्टची यंत्रं आली आणि चित्र पालटलं. त्यांची कमाल मात्रा कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल जाऊन पडते, तर आज वापरल्या जाणाऱ्या लिनॅक या यंत्राची नेहमीच्या ताकदीवर सुमारे दीड सेंटिमीटर. वरची कातडी बरीचशी वाचू लागली, पण ‘हात लावू नका’ ही सूचना तशीच राहिली.

तिला आणखी एक आधार मिळाला, तो मार्किंगचा. किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून कातडीवर शाईने रेघा काढतात. रेघ पुसली की पुन्हा मोजणी, पुन्हा खोळंबा. म्हणजे पाण्याची मनाई निदान काही प्रमाणात तरी कातडीसाठी नव्हतीच, रेघांसाठी होती. गोंदणाचे बारीक ठिपके किंवा पारदर्शक चिकटपट्टी वापरली तर हा प्रश्न सुटतो. तरीही पेशंटला मात्र ‘पाणी लागलं तर कातडी जळेल’ असंच कारण सांगितलं जातं, आणि ते खरं नाही.

हा वाद चाचण्यांनी केव्हाच मिटवला आहे. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात स्तनाचं रेडिएशन घेणाऱ्या बायकांचे तीन गट केले होते: एक न धुणाऱ्यांचा, एक नुसत्या पाण्याने धुणाऱ्यांचा, एक साबण-पाण्याने धुणाऱ्यांचा. धुणाऱ्यांना त्रास वाढला नाही, उलट कमी झाला. २००१च्या कॅनडातल्या अभ्यासात ९९ बायका होत्या. न धुणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांची कातडी ओली होऊन सोलवटली, धुणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांची. पंचवीस वर्षं होत आली, आणि आपल्याकडे बाकावरचा सल्ला बदललेला नाही.

क्रीमचंही असंच. ‘सिटिंगच्या आधी काही लावू नका, मात्रा वाढते,’ हे अर्धंच खरं. जाड थर दिला तर तो कातडीसारखा वागतो आणि कमाल मात्रा वर ओढून आणतो. पण एक-दोन मिलिमीटरच्या पातळ थराने मोजण्याजोगा फरक पडत नाही, हे २०१८मध्ये मोजून दाखवलं गेलं. तरीही सिटिंगला जाताना कातडी कोरडी असलेली बरी, कारण चिकट अंगावर रेघा टिकत नाहीत.

मग एवढी सुधारणा होऊनही कातडी का बिघडते? वरची कातडी खालच्या थरातल्या पेशींतून सतत नवी होत असते आणि या फेऱ्याला साधारण महिना लागतो. रेडिएशन घाव घालतं ते या खालच्या, विभागणाऱ्या पेशींवर. वरच्या जुन्या पेशी नेहमीप्रमाणे झडतात, पण त्यांची जागा घ्यायला नव्या पुरेशा येत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळं दिसू लागतं. रोज भाजतंय असं वाटलं, तरी हे उष्णतेचं भाजणं नव्हे.

स्तनाखालची घडी आणि काख आधी का बिघडते, याचंही कारण यातच आहे. घडीत कातडीवर कातडी टेकलेली असते. वरचा पदर खालच्याला झाकतो आणि लिनॅकने कातडीला दिलेली सूट तिथे नाहीशी होते. वर घाम आणि घासणं. आकाराने मोठ्या स्तनांत हे जास्त होतं. किरणांची मात्रा सगळीकडे सारखी पसरवणाऱ्या नव्या पद्धतीने ओलं सोलवटणं सुमारे ४८वरून ३१ टक्क्यांवर आलं, असं २००८च्या चाचणीत दिसलं. सिटिंगही कमी झाल्या. पाच आठवड्यांच्या पंचवीसऐवजी तीन आठवड्यांच्या पंधरा हा आता नेहमीचा बेत आहे, आणि त्यात कातडीचा त्रास कमी होतो. २०२०नंतर काही जणींना एका आठवड्यात पाच सिटिंगही देतात.

समजा हडपसरच्या एका बाईंच्या पंधरा सिटिंग एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी सुरू झाल्या. पहिला आठवडा नुसता जडपणा. दुसऱ्याच्या शेवटी खाज आणि पुरळ. सावळ्या अंगावर लाली उठून दिसत नाही, रंग काळपट होतो. ‘लाल कुठे आहे, ठीक आहे सगळं’ म्हणून दुर्लक्ष होतं ते इथेच. तिसऱ्या आठवड्यात कोरडे पापुद्रे. शुक्रवारी शेवटची सिटिंग होते, घरात पेढे येतात, रोजची तपासणी थांबते. आणि त्रासाचा कळस येतो त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत, जेव्हा बघायला कोणी नसतं. घडीत ओलं झालं, तर तेव्हाच. बहुतेकदा ते पुढच्या दोन ते चार आठवड्यांत भरून येतं.

या बाईंनी रोज कोमट पाण्याने, सौम्य साबण हाताने लावून आंघोळ करावी, घासणी नको. जुन्या सुती पंच्याने टिपून घ्यावं आणि घडी उचलून आतलंही कोरडं करावं. घट्ट ब्लाउजची काखेतली शिवण आणि तारेची ब्रा काचते, घरात सैल सुती सदरा बरा. पर्सचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर. पावसाळ्यात दमट कपडे अंगात घालू नयेत. डिओडरंटने कातडी जास्त बिघडते, असं चाचण्यांत दिसलेलं नाही, फक्त सोललेल्या काखेवर ते नको. काखेत ब्लेडही नको.

डॉक्टरांनी मोमेटासोन हे स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं असेल, तर ते पहिल्या सिटिंगपासून पातळ लावायचं असतं. त्रास कमी करण्याचा चांगला पुरावा असलेल्या मोजक्या उपायांपैकी हा एक, पण फुटलेल्या कातडीवर तो चालत नाही. कोरफडीचा ठोस फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. हळद-चंदनाचा लेप ओल्या जागी चिकटतो आणि काढताना नवी कातडी उचलून आणतो. ओल्या जागी न चिकटणारं ड्रेसिंग हवं, पावडर नाही. घडीत खाज वाढून कडेला सुटे सुटे बारीक फोड दिसले, तर ती बुरशी असू शकते. तिथे नुसतं स्टेरॉइड चोळलं तर ती पसरते. वास, पू किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी विभागात जावं, मग सिटिंग संपून दोन आठवडे झालेले असले तरी.