तांब्यातलं पाणी, पितळेतलं दूध आणि अ‍ॅल्युमिनियमची आमटी

रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेलं पाणी सकाळी प्यावं की नाही, यावर घरोघरी वाद होतात. पण तांबं पोटात गेल्यानं खरोखर काय होऊ शकतं, याचा एक मोठा धडा आपल्या पुण्यातच मिळाला होता आणि तो या वादात कुणी काढत नाही. तो धडा पाण्याचा नव्हता, दुधाचा होता.

लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून डॉक्टरांना माहीत होता. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचं मूल चिडचिडं व्हायचं, पोट फुगायचं, यकृत हाताला दगडासारखं कडक लागायचं, मग कावीळ आणि थोड्याच महिन्यांत मृत्यू. एकाच घरातली दोन-दोन भावंडं जायची. इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस असं त्याचं नाव. कुणी विषाणूला दोष दिला, कुणी आनुवंशिकतेला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एक गोष्ट स्पष्ट झाली: या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असे. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला साधारण 50 मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते कित्येक पटींनी जास्त, कधी हजाराच्याही वर सापडे.

ते येतं कुठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी घेतला. 1983 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष स्वयंपाकघरातला होता. ज्या घरांत हा आजार होता, तिथे बाळाला फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं असे, आणि ते दूध बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या पातेल्यात तापवून त्यातच ठेवलेलं असे. आजारी मुलांची खाण्यापिण्याची हकीगत निरोगी मुलांशी ताडून पाहिली, तेव्हाही हाच फरक उठून दिसला.

दूधच का, हे समजून घ्यायला हवं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे दूध भांड्यातून तांबं ओढून घेतं. त्यातच तापवणं आलं, आणि दिवसातून दोन-तीनदा पुन्हा तापवणं आलं. उलट तान्ह्या बाळाचं यकृत जन्मतःच तांब्याचा साठा घेऊन येतं आणि ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची त्याची ताकद अजून पुरी नसते. मोठा माणूस जे सहज पचवतो, तेच बाळाच्या यकृतात साचत जातं.

कल्हईचा अर्थ इथे कळतो. पातेलं तापवून, त्यात नवसागर टाकून, कथील कापसानं आतून फिरवलं की तांबं-पितळ अन्नापासून झाकलं जातं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, चव फिरते, जीभ लगेच सांगते; म्हणून आंबट पदार्थ त्यात कुणी ठेवत नसे. बाळाच्या दुधाच्या बाबतीत मात्र अशा इशाऱ्याचा भरवसा नव्हता, आणि ते देणाऱ्या आईचा यात काडीचाही दोष नव्हता.

मुलं लवकर आणली तर डी-पेनिसिलामाइन हे तांबं बाहेर काढणारं औषध काहींना वाचवू शके. पण आजार ओसरला तो मुख्यतः भांडी बदलल्यानं. पितळेची जागा स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमनं घेतली, आणि 1990 च्या दशकापर्यंत हे रुग्ण दुर्मीळ झाले. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातही बाळांचा असाच आजार होता. तिथे 1900 ते 1974 दरम्यानच्या 138 बाळांची नोंद 1996 साली प्रसिद्ध झाली. तीही बाळं बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळलेल्या दुधावर वाढत होती, आणि तो आजारही भांडी बदलल्यावर गेला. अर्थात असं दूध प्यालेल्या सगळ्याच मुलांना आजार झाला नाही, म्हणून आनुवंशिक कल असावा असं अनेक अभ्यासक मानतात.

आता रात्रभरचं पाणी. 2012 साली बंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू मिसळलेलं पाणी 16 तास ठेवलं. जंतू वाढण्याजोगे राहिले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं होतं लिटरला सुमारे 0.18 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी दोन पेले, अर्धा लिटर पाणी प्यायलं, तर पोटात जातं 0.09 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण 0.9 मिलिग्रॅम आहे. यात भीतीचं कारण नाही. पण फायदाही तेवढाच: जंतू कमी होतात. त्यानं वजन उतरतं, सांधे मोकळे होतात, कर्करोग टळतो, याला भरवशाचा पुरावा नाही. फ्लोराईड किंवा नायट्रेट असलेलं बोअरचं पाणीही त्यानं शुद्ध होत नाही.

हे गणित साध्या पाण्याचं आहे. त्याच बाटलीत लिंबूपाणी, ताक किंवा कोकम सरबत भरलं तर आम्लामुळे तांबं कितीतरी जास्त सुटतं, आणि मळमळ, उलटी, पोटात कळ अशी लक्षणं दिसतात. आत हिरवट थर धरला असेल तर घासून काढल्याशिवाय पाणी भरू नये. ज्यात शरीरात तांबं साचत जातं तो विल्सन आजार असलेल्यांनी हे पाणी टाळावं. आणि बाळाच्या दुधाची पावडर तांब्यातल्या पाण्यात कालवू नये. पुण्याच्या अनुभवानंतर हा धोका पत्करण्याचं कारणच उरत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. इंग्रजांनी कैद्यांना मारायला ही भांडी आणली, असा निरोप फोनवर फिरतो. प्रत्यक्षात 1898 च्या सुमारास अल्फ्रेड चॅटरटन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ही भांडी घडवायला सुरुवात केली ती स्थानिक उद्योग उभा राहावा म्हणून. स्मृतिभ्रंशाची भीती 1970 च्या दशकातली. तेव्हा काही रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम जास्त आढळलं, आणि डायलिसिसच्या पाण्यातून ते थेट रक्तात गेलेल्या रुग्णांचे मेंदू खरोखर बिघडले. पण तोंडावाटे गेलेल्यापैकी एक टक्क्याहून कमी शरीरात शोषलं जातं आणि निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांनी मात्र ही भांडी टाळणंच बरं. बाकीच्यांनी चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार त्यात रात्रभर ठेवू नये. भात, दूध, पाणी यांना तितकी अडचण नाही.

मला जास्त काळजी वाटते ती भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांची. त्यात शिसं असू शकतं, आणि मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळीच नाही. 2025 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं शिसं सुटणाऱ्या काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात हिंडालियमचं नाव होतं. तिथल्या मराठी घरांतही ही भांडी असतात. शिसं रंगानं, वजनानं किंवा चवीनं ओळखू येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून मूळ ठाऊक नसलेलं ओतीव भांडं, विशेषतः घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर, चुलीवर चढवू नये.