जांगड माल: मालकी कोणाची, पक्के बिल केव्हा आणि शिल्लक कशी मोजायची

विकला गेला तर पैसे द्यायचे, नाही तर माल परत करायचा, अशा बोलीवर दुकानात ठेवलेल्या मालाला आपल्याकडे जांगड म्हणतात. साडी, दागिने आणि हिरे यांच्या व्यापारात ही पद्धत फार जुनी आहे. बहुतेक ठिकाणी ती एका वहीवर आणि परस्परांच्या ओळखीवर चालते. मात्र कायद्याच्या दृष्टीने जांगड मालाचे तीन वेगळे दिवस असतात: माल पाठवल्याचा, माल विकला गेल्याचा आणि पैसे मिळाल्याचा. बहुतेक तंटे या तीन दिवसांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. पुढील माहिती येवल्याचा एक पैठणी विणकर आणि पुण्यातील एक साडी दुकान यांचे कल्पित उदाहरण घेऊन दिली आहे. दोघांचीही जीएसटी नोंदणी आहे असे गृहीत धरले आहे.

पात्रता, आणि करारातील एक धोक्याचा शब्द

जांगड देण्याघेण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही आणि कोणत्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. लागतो तो लेखी करार. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्या आणि वर्षाची उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असणाऱ्या विणकराला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे पुढील कराचे नियम त्याला लागू होत नाहीत. मालकी आणि मोजणी यांविषयीचा भाग मात्र त्यालाही तितकाच लागू आहे.

करार लिहिताना 'दुकानदार हा विणकराचा एजंट म्हणून माल विकील' असे वाक्य सहज लिहिले जाते. ते टाळावे. दुकानदार दुसऱ्याच्या वतीने माल विकत असेल आणि गिऱ्हाइकाला बिल मात्र स्वतःच्या नावाने देत असेल, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार मालकाने एजंटाकडे माल पाठवणे हाच पुरवठा ठरतो आणि कर पाठवणीच्या दिवशीच देय होतो. हा मुद्दा 4 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने (क्रमांक 57/31/2018) स्पष्ट केलेला आहे. जांगडीत स्थिती वेगळी असते. तेथे दुकानदार माल पसंतीसाठी ठेवून घेतो, त्यातला जो नग विकला जाईल तो आधी स्वतः विणकराकडून विकत घेतो आणि मग स्वतःचा म्हणून गिऱ्हाइकाला विकतो. करारात हीच रचना शब्दशः यायला हवी, कारण पुढे सांगितलेली सहा महिन्यांची सवलत तिच्यावरच अवलंबून आहे.

मालकी

वस्तू विक्री कायदा, 1930 याच्या कलम 24 नुसार पसंतीवर दिलेल्या मालाची मालकी दोन प्रकारे दुकानदाराकडे जाते. एक तर तो पसंती कळवतो किंवा माल आपलाच झाला असे दर्शवणारी एखादी कृती करतो. नाही तर ठरलेली मुदत संपेपर्यंत नापसंती न कळवता माल ठेवून घेतो. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरला जातो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वाद घालायला दोन्ही बाजूंच्या वकिलांना भरपूर वाव मिळतो. म्हणून करारात मुदत तारखेने किंवा दिवसांनी लिहावी.

गिऱ्हाइकाला साडी विकणे ही 'आपलेपणाची' सरळ कृती झाली. माल गहाण ठेवणे हीसुद्धा तशीच कृती मानली जाते, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. दुकानदाराने जांगड माल सावकाराकडे अडकवला, तर कलम 24 च्या साध्या वाचनाने मालकी त्याच क्षणी दुकानदाराकडे जाते आणि विणकराच्या हाती फक्त येणे रक्कम उरते. यावर उपाय म्हणजे 'पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालकी विणकराचीच राहील' असे कलम करारात स्पष्टपणे घालणे, कारण उलट ठरलेले असेल तर कलम 24 चा नियम मागे पडतो. दुकानात येऊन प्रामाणिकपणे साडी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मात्र ती या कलमाच्या आधारे परत मागता येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

दुकानदाराने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलेले असेल, तर दुकानातील साठा बँकेकडे तारण असतो. दरमहा बँकेला दिल्या जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये जांगड माल धरलेला नाही याची खात्री विणकराने करून घ्यावी. जांगड नग वेगळ्या कपाटात आणि वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीसह ठेवावेत, म्हणजे बँकेचा अधिकारी पाहणीला आला तरी घोटाळा होत नाही.

जोखीम सामान्यतः मालकीबरोबर जाते. याचा अर्थ दुकानाला आग लागली आणि दुकानदाराने एखादा शहाणा माणूस आपल्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतलेली असेल, तर भारतीय करार कायद्यानुसार नुकसान विणकराचे होते. विणकराला हे ऐकून धक्का बसतो, पण कायदा तसाच आहे. म्हणून विमा कोणी काढायचा आणि त्यात 'दुसऱ्याचा, ताब्यात असलेला माल' समाविष्ट आहे का, हे पॉलिसी पाहूनच ठरवावे.

पाठवणीची कागदपत्रे

जांगड माल पाठवताना पक्के बिल करायचे नसते, डिलिव्हरी चलान करायचे असते. त्यावर क्रमांक, तारीख, दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व जीएसटी क्रमांक, मालाचे वर्णन, एचएसएन कोड, नग आणि किंमत लिहावी आणि 'पसंतीवर, विक्री अथवा परत' असा शेरा मारावा. चलानाच्या तीन प्रती होतात: मूळ प्रत दुकानदाराला, दुसरी वाहतूकदाराला आणि तिसरी विणकराकडे. महाराष्ट्राच्या आतील वाहतुकीत मालाची किंमत 1 लाख रुपयांहून जास्त असेल तर ई-वे बिल लागते, आणि त्यात कागदपत्राचा प्रकार म्हणून `Delivery Challan` निवडावा. चलानावर दुकानदाराला कराची वजावट मिळत नाही. ती फक्त पक्क्या बिलावर मिळते.

आपल्या उदाहरणात 5 एप्रिलला पहिल्या चलानाने 24 पैठण्या गेल्या: 9,000 रुपयांच्या 12, 14,000 रुपयांच्या 8 आणि 32,000 रुपयांच्या 4, म्हणजे एकूण 3,48,000 रुपयांचा माल. प्रत्येक साडीला चलान क्रमांक आणि नग क्रमांक असलेली चिठ्ठी शिवली. ती का, ते पुढे कळेल.

मोजणी

मोजणीचे सूत्र वहीवाल्यांना पाठ असते:

```
पुस्तकी शिल्लक = पाठवलेले नग − विकलेले नग − परत आलेले नग
```

20 मे रोजी दुसऱ्या चलानाने 14,000 रुपयांच्या आणखी 6 साड्या गेल्या. 10 जूनला पहिल्या चलानातील 2 परत आल्या. दुकानदाराने एप्रिल ते जूनमध्ये 13 विकल्याचे कळवले. म्हणजे 30 जूनला पुस्तकी शिल्लक 24 + 6 − 2 − 13 = 15 नग असायला हवी होती. दोघांनी मिळून कपाट मोजले तेव्हा 14 निघाले.

अशा वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून सही करू नये. वहीतील चिठ्ठ्या कपाटातील चिठ्ठ्यांशी एकेक करून जुळवल्या तेव्हा पहिल्या चलानातील एक नग कमी असल्याचे कळले. चौकशी केल्यावर ती साडी फॉल-पिको करणाऱ्या बाईंकडे सापडली. गिऱ्हाइकाने 27 जूनला निम्मे पैसे देऊन ती ठरवली होती, पण पूर्ण रक्कम आली नाही म्हणून दुकानाने विक्री नोंदवली नव्हती. दुकानदाराने ती साडी गिऱ्हाइकासाठी कामाला दिली, तेव्हाच त्याने ती आपली म्हणून स्वीकारली. म्हणून ती जूनचीच विक्री धरली गेली आणि शिल्लक 14 वर जुळली: पहिल्या चलानाचे 10 नग आणि दुसऱ्याचे 4.

फक्त नग मोजून भागत नाही. महागडी साडी विकून तिच्या जागी स्वस्त साडी उभी केली तरी नगसंख्या जुळतेच, म्हणून चिठ्ठी क्रमांक तपासायचा. मोजणीच्या कागदावर दोघांची सही हवी, आणि हरवलेला नग किती दिवसांनी विकलेला समजायचा हेही करारात असावे. हिशेबाच्या पुस्तकात हा सगळा शिल्लक साठा विणकराच्या ताळेबंदात येतो, दुकानदाराच्या नाही.

पक्के बिल आणि सहा महिन्यांची मुदत

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 31(7) नुसार जांगड मालाचे बिल पुरवठा होताना किंवा त्याआधी, अथवा माल पाठवल्यापासून सहा महिने पूर्ण होताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा द्यावे लागते. व्यवहारात महिनाअखेरीस एकच बिल करण्याची पद्धत आहे. त्यात निदान इतके पाळावे की जूनमध्ये विकलेला नग जूनच्याच बिलात आणि जूनच्याच करात यावा. यासाठी दुकानदाराने विक्रीची यादी आठवड्याला पाठवणे सर्वांत सोयीचे.

सहा महिने प्रत्येक चलानापासून वेगळे मोजले जातात. चिठ्ठीवर चलान क्रमांक हवा तो यासाठी. पहिल्या चलानाची मुदत 5 ऑक्टोबरला संपते आणि दुसऱ्याची 20 नोव्हेंबरला. उदाहरणात 20 सप्टेंबरला मोजणी केली तेव्हा पहिल्या चलानातील 5 साड्या शिल्लक होत्या. त्यांतील 9,000 रुपयांच्या तीन विणकराने दुकानाच्या चलानावर परत नेल्या. 32,000 रुपयांच्या दोन दुकानदाराला दिवाळीपर्यंत ठेवायच्या होत्या, म्हणून 5 ऑक्टोबरला त्यांचे 64,000 रुपयांचे पक्के बिल झाले आणि 5 टक्क्यांनी 3,200 रुपये कर विणकराने ऑक्टोबरच्या परताव्यात भरला. साड्या तेव्हाही कपाटातच होत्या. माल न हलवता केवळ कागदावर परत दाखवून नवे चलान फाडण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण वाहतुकीचा पुरावा मागितला की तो देता येत नाही. बिल झाल्यावर साडी परत आली, तर क्रेडिट नोट करता येते आणि करातील कपातीसाठी ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत दाखवावी लागते.

पैसे केव्हा

पैशांची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजावी, असे करारात लिहावे. 15 दिवस पुरेसे असतात. कर मात्र पैसे येवोत वा न येवोत, बिलाच्या महिन्याचा भरावाच लागतो. बिलापासून 180 दिवसांत दुकानदाराने पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते, ही त्याच्यावरची एक पक्की दोरी आहे.

विणकराची उद्यम नोंदणी असेल तर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा त्याला आणखी संरक्षण देतो. त्यानुसार लेखी करारानेसुद्धा पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हा कायदा माल प्रत्यक्ष पोहोचल्याच्या दिवसापासून मोजतो, आणि जांगडीत तो दिवस विक्रीच्या कितीतरी आधीचा असतो. म्हणून नग विकल्याचा किंवा मुदत संपल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जाईल, असे वाक्य करारात मालकीच्या कलमालगतच लिहून घ्यावे आणि मोजणीच्या प्रत्येक कागदावर तो दिवस नगनिहाय नोंदवावा.