एकतीस मृत्यू आणि तीन पायऱ्या

मे २०२१ मध्ये गोवा सरकारने जाहीर केलं, की १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्या देणार. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र त्याआधीच, मार्चअखेरीस, हे औषध कोविडसाठी फक्त चाचण्यांमध्येच वापरावं असं सांगितलं होतं. गंमत अशी, की संघटनेच्या स्वतःच्या तक्त्यातला आकडा औषधाच्या बाजूने होता. नेहमीच्या उपचारांवर हजारी ७० मृत्यू, आयव्हरमेक्टिन दिल्यास १४. एवढा फरक दिसत असूनही त्या ओळीपुढे शेरा होता, पुराव्याची खात्री 'अत्यल्प'.

हा शेरा 'ग्रेड' नावाच्या पद्धतीतून येतो. खात्रीच्या चार पातळ्या असतात: उच्च, मध्यम, अल्प, अत्यल्प. चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची वाटणी करून घेतलेल्या चाचण्या 'उच्च'वरून सुरुवात करतात, आणि दोष सापडेल तशी पायरी उतरते. दोष गंभीर असेल तर एक पायरी, फारच गंभीर असेल तर दोन. शेरा औषधाला नसतो, एकेका परिणामाला असतो. त्यामुळे त्याच औषधाबद्दल मृत्यूसाठी एक पातळी आणि तापासाठी दुसरी असू शकते.

आयव्हरमेक्टिनच्या मृत्यूच्या ओळीत तीन पायऱ्या उतरल्या. त्यातल्या दोन एकाच कारणाने गेल्या, ते म्हणजे आकड्यांचा तोकडेपणा. औषधाची थेट नेहमीच्या उपचारांशी किंवा खोट्या गोळीशी तुलना करून मृत्यू नोंदवणाऱ्या चाचण्या पाचच होत्या. पाचही मिळून औषध घेतलेल्या ५११ जणांपैकी ९ दगावले, न घेतलेल्या ४०४ जणांपैकी २२. म्हणजे पावणेदोन टक्के विरुद्ध साडेपाच टक्के. पण हा सगळा डोलारा उभा आहे ३१ मृत्यूंवर.

तो किती कच्चा आहे हे संघटनेच्या समितीने एका साध्या युक्तीने दाखवलं. न घेतलेल्या गटातले फक्त तीन मृत्यू उचलून औषधाच्या गटात टाका. आता १२ आणि १९. मी गणित करून पाहिलं: असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या किंचित वर जाते, आणि संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीवर तो फरक टिकत नाही. तीन माणसं इकडची तिकडे, एवढ्यावर निष्कर्ष फिरतो. मृत्यूदर साडेपाच टक्के असताना त्यात पाव हिस्सा घट पकडायची, तर माझ्या ढोबळ हिशेबाने प्रत्येक गटात चार हजारांच्या आसपास रुग्ण लागतील. इथे होते पाचशे आणि चारशे. छोट्या अभ्यासांत मोठा परिणाम दिसला, की मला आनंदाआधी शंका येते ती यामुळेच.

तिसरी पायरी गेली पक्षपाताच्या धोक्यापायी. पाचपैकी दोन चाचण्यांत कोणाला औषध मिळतंय हे नीट झाकलेलं नव्हतं, आणि एका चाचणीने आपली कार्यपद्धती सार्वजनिक करण्यापूर्वीच रुग्ण घ्यायला सुरुवात केली होती. कोणी म्हणेल, मृत्यू तो मृत्यू, तो डॉक्टरच्या मताने थोडाच बदलतो? मोजताना नाही बदलत. पण आपल्या रुग्णाला 'नवं औषध' मिळतंय हे ठाऊक असलेला डॉक्टर ऑक्सिजन कधी लावतो, स्टेरॉइड कधी सुरू करतो, हे बदलू शकतं. तरी इथे एक पायरी की दोन, यावर दोन जाणकारांचं एकमत होईलच असं नाही. ग्रेड हा तराजू नाही. निर्णय माणसंच घेतात, फक्त कारण लिहून ठेवावं लागतं.

राहिला ग्रेडमधला आणखी एक दोष, अप्रत्यक्षपणा: पुरावा भलत्याच प्रश्नाचा असणं. या ओळीत त्यासाठी पायरी कापली नव्हती, कारण रुग्ण कोविडचेच होते आणि मोजले तेही मृत्यूच. पण हाच पुरावा गोव्याच्या घोषणेखाली ठेवून पाहा. घोषणा होती आजारी नसलेल्या लोकांनाही गोळी देण्याची. आजाऱ्यांवरचा पुरावा धडधाकटांना लावायचा, तर आणखी कपात व्हायला हवी होती, आणि खाली उतरायला पायरीच उरलेली नव्हती. औषधाचा गवगवा ज्यातून सुरू झाला तो २०२० मधला ऑस्ट्रेलियातला प्रयोग तर काचेच्या भांड्यातल्या, माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवरचा. तिथे वापरलेली मात्रा नेहमीच्या गोळीने माणसाच्या रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट होती.

'अत्यल्प' याचा अर्थ 'औषध निरुपयोगी' असा नव्हता. अर्थ एवढाच, की खरं उत्तर या आकड्यापासून बरंच दूर असू शकतं. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत प्रत्येकी ६७९ रुग्ण, आणि गोळी खरी की खोटी हे झाकलेलं. औषधाच्या गटात २१ मृत्यू झाले, खोट्या गोळीच्या गटात २४. त्या एका चाचणीतच ४५ मृत्यू होते, आधीच्या पाचही चाचण्यांच्या बेरजेपेक्षा जास्त.