डिफॉर्मेशन मेकॅनिझम मॅप

गरम धातूवर बराच काळ लोड राहिला की तो हळूहळू ताणला जातो, याला क्रीप म्हणतात, आणि ठरावीक स्ट्रेस-टेम्परेचरला तो क्रीप मुख्यतः कुठल्या मार्गाने होतोय हे ज्या नकाशावर दिसतं तो हा मॅप. एम. एफ. ॲश्बी यांनी १९७२ मध्ये तो आजच्या रूपात मांडला, पुढे एच. जे. फ्रॉस्ट यांच्यासोबत बऱ्याच धातूंचे आणि सिरॅमिक्सचे मॅप काढले.

आडव्या अक्षावर टेम्परेचर भागिले मेल्टिंग पॉइंट (दोन्ही केल्विनमध्ये), उभ्यावर स्ट्रेस भागिले शिअर मॉड्युलस, म्हणजे धातू आकार बदलायला किती विरोध करतो त्याचं माप, आणि हा उभा अक्ष लॉग स्केलवर. निकेल १७२६ केल्विनला वितळतं, म्हणजे १००० केल्विन मॅपवर ०.५८ ला येतं.

गरम बाजूला वरच्या भागात डिसलोकेशन क्रीप असतो, तिथे डिसलोकेशन्स, म्हणजे क्रिस्टलच्या रचनेतले रेषेसारखे दोष, सरकतात आणि अडकल्या की व्हेकन्सीच्या, म्हणजे अणूंच्या रिकाम्या जागांच्या, मदतीने वर चढून सुटतात. निकेलमध्ये याचा वेग स्ट्रेसच्या साधारण ४.६ व्या घाताने वाढतो. खाली कमी स्ट्रेसला डिफ्यूजन क्रीप, यात अणूच ग्रेनच्या, म्हणजे धातू ज्या छोट्या क्रिस्टलचा बनलेला असतो त्यातल्या एकाच्या, एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि वेग स्ट्रेसच्या सरळ प्रमाणात असतो. अणू ग्रेनच्या आतून गेले तर नाबारो-हेरिंग, दोन ग्रेनमधल्या बाउंड्रीवरून गेले तर कोबल, कोबल तुलनेने थंड बाजूला.

डिसलोकेशन आणि डिफ्यूजन क्रीपच्या मधली रेषा म्हणजे दोन्हींचे वेग सारखे असलेली जागा, तिथे काही एकदम बदलत नाही, दोन्ही निम्मे निम्मे चालू असतात. पण ही रेषा विसरली तर हिशोब कसा चुकतो बघा. लॅबमध्ये टेस्ट लवकर संपावी म्हणून स्ट्रेस जास्त ठेवतात, वेग-स्ट्रेसच्या लॉग-लॉग ग्राफवर ४.६ चा उतार मिळतो आणि तोच उतार खाली कमी स्ट्रेसपर्यंत ओढला जातो. समजा रेषेवरून स्ट्रेस दहावा हिस्सा केला, तर या हिशोबाने वेग सुमारे ४०,००० पट कमी व्हायला हवा, प्रत्यक्षात डिफ्यूजन क्रीप फक्त १० पट कमी होतो, म्हणजे पार्ट अंदाजापेक्षा जवळजवळ ४,००० पट वेगाने ताणला जातोय! म्हणून एकाच टेम्परेचरला दोन-तीन कमी स्ट्रेसवरही टेस्ट घ्यावी, लॉग-लॉग ग्राफचा उतार १ कडे झुकला की समजायचं रेषा ओलांडली.

दुसरं म्हणजे प्रत्येक मॅप एकाच ग्रेन साइजचा असतो, आणि मॅप वाचताना आधी हेच बघायला हवं. ग्रेन १० पट मोठा केला तर नाबारो-हेरिंग १०० पट, कोबल १,००० पट मंदावतो, डिसलोकेशन क्रीपला मात्र फारसा फरक पडत नाही, त्यामुळे निकेलमध्ये नाबारो-हेरिंगशी असलेली सीमा सुमारे ३.६ पट आणि कोबलशी असलेली जवळपास ७ पट कमी स्ट्रेसला उतरते. जेट इंजिनच्या निकेल सुपरअलॉय ब्लेडमध्ये ग्रेन लांबट वाढवतात किंवा अख्खं ब्लेड सिंगल क्रिस्टल ओततात, त्यामागे हेही एक कारण आहे. बाउंड्रीच नसेल तर अणूंना ये-जा करायला ठिकाणच राहत नाही.

मॅप स्थिर वेगाच्या क्रीपचा असतो, टेस्ट चालू असताना ग्रेन वाढले तर सुरुवातीचा मॅप लागू पडत नाही.